अंथरूण उचला, मग लॅपटॉप उघडा

बेळगावच्या वडगावातला माझा मावसभाऊ पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करतो. घर म्हणजे एकच खोली. 13 फूट लांब, 10 फूट रुंद, आणि त्यातच ओटा आणि बाथरूम. गेल्या उन्हाळ्यात घरी आला तेव्हा डोळे चोळतच बसला होता. म्हणाला, "दादा, जेवून खुर्चीत बसलो की डुलक्या येतात बघ. आणि अंथरुणावर पडलो की डोळे टक्क उघडे. काय करावं कळेना झालंय."

दुखणं काय आहे ते त्याच्या बोलण्यातच होतं. झोप कमी असलेला माणूस कुठेही पेंगतो, अंथरुणावर तर लगेच. पण खुर्चीत पेंगणारा माणूस पलंगावर आडवा होताच जागा होत असेल, तर त्याचं शरीर पलंगालाच ऑफिस समजायला लागलेलं असतं. मावसभाऊ सकाळी साडेनऊपासून भिंतीला पाठ लावून, मांडीवर लॅपटॉप घेऊन पलंगावरच बसायचा. मॅनेजरची बोलणी तिथंच खायची, जेवणही तिथंच, आणि रात्री त्याच उशीवर डोकं टेकायचं. महिनोन्‌महिने असं चाललं की गादीचा नुसता स्पर्शही कामाची आठवण करून देतो. हे नकळत होतं, त्यामुळे "आता झोपायचं" असं मनाशी ठरवून काही फरक पडत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये यावर उपाय मांडला. पलंग फक्त झोपेसाठी (आणि नवराबायकोच्या जवळिकीसाठी) ठेवायचा, बाकी सगळं दुसरीकडे करायचं. निद्रानाशाच्या उपचारात ही पद्धत आजही वापरतात. अडचण एवढीच की त्यांच्या सूचनांत झोप आली नाही तर "दुसऱ्या खोलीत जा" असं आहे, आणि आपल्याकडे दुसरी खोलीच नाही.

मग एका खोलीत काय करायचं? माझं उत्तर असं: पलंग आणि टेबल एकाच वेळी उघडे ठेवायचे नाहीत. दिवसा अंथरूण दिसू नये, रात्री टेबल दिसू नये. यात नवीन काही नाही. आमच्या आजीच्या घरी माजघरात सगळे झोपायचे, आणि सकाळी वळकट्या कोपऱ्यात गेल्या, वाकळा घडी होऊन दांडीवर पडल्या की तिथंच पंगत बसायची. वडगाव-शहापूरच्या विणकरांच्या घरात तर माग आणि माणसं एका छताखाली नांदली, पण मागावर कुणी झोपलं नाही. घरात कायमचा पलंग आला आणि अंथरूण उचलायची सवय गेली, तिथून हा घोळ सुरू झाला असं मला वाटतं.

आधी आठवडाभर वहीत नोंद

सामान हलवण्याआधी सात दिवस एका वहीत सकाळी चार आकडे लिहा. किती वाजता आडवे झालात, अंदाजे किती वेळाने झोप लागली, मध्ये किती वेळ जागे होता, आणि किती वाजता उठलात. घड्याळ बघून लिहू नका, सकाळी आठवेल तसं लिहा. रात्री घड्याळ बघत बसलं की झोप आणखी लांबते.

मावसभावाच्या वहीत निघालं ते असं: रात्री साडेदहा ते सकाळी साडेसात, म्हणजे 9 तास तो अंथरुणावर होता, आणि त्यातली झोप जेमतेम 6 तासांची. शंभरातले 67. झोपेचे डॉक्टर साधारण 85 ला बरं म्हणतात. उरलेले 3 तास तो त्याच गादीवर जागरण करायचा सराव करत होता. लवकर पडलं तर जास्त झोप मिळेल या आशेने माणूस लवकर आडवा होतो, आणि त्यानेच गादीशी जागरणाची गाठ घट्ट बसते.

वहीत दुसरंच काही दिसलं तर पुढचं वाचून फार उपयोग नाही. घरचे म्हणत असतील की तुम्ही जोरात घोरता आणि मध्येच श्वास अडकतो, किंवा रात्री पायांत वळवळ होऊन स्वस्थ पडवत नाही, तर टेबल हलवण्याआधी डॉक्टर गाठा. 7-8 तास गाढ झोपूनही दिवसभर पेंग येत असेल तरीही तेच.

खोलीची मांडणी

कागदावर खोली काढा आणि मोजपट्टी घेऊन दारं, खिडकी, प्लगचे बोर्ड मांडा. मावसभावाच्या खोलीचं दार दक्षिणेच्या आखूड भिंतीत आहे. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला 4 फुटांचा ओटा, उजव्या हाताला बाथरूम. समोरच्या उत्तरेच्या भिंतीत खिडकी, आणि खिडकीखाली आडवा पलंग. म्हणजे घरातली सगळ्यात उजेडाची जागा झोपण्याला दिलेली, आणि कामाला जागाच नाही.

ते आम्ही उलटं केलं. पलंग पश्चिमेच्या भिंतीला लांबीने लावला. पाय खिडकीकडे, डोकं ओट्याच्या बाजूला, त्यामुळे "उत्तरेला डोकं नको" म्हणणारी मावशीही खूश. पलंग सव्वासहा फूट, ओटा 4 फूट, मध्ये पावणेतीन फुटांचं अंतर उरलं. तिथं लोखंडी कपाट उभं केलं. या कपाटाने पुढे मोठं काम केलं, ते नंतर सांगतो.

टेबल पूर्वेच्या भिंतीवर, खिडकीपासून दीड फुटावर. बसल्यावर तोंड भिंतीकडे, खिडकी डाव्या हाताला. खिडकी समोर असली तर डोळे दिपतात, पाठीमागे असली तर स्क्रीनवर तिचंच प्रतिबिंब पडतं, म्हणून बाजूलाच बरी. शिवाय पलंग पाठीमागे गेला. काम करताना पलंग दिसत नाही, आणि मीटिंगमध्ये कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून तोही नीट आवरलेला राहतो. हा फायदा आम्ही आधी धरला नव्हता.

जागेचा हिशोब: पलंग साडेतीन फूट, उघडं टेबल पावणेदोन फूट, खुर्चीला 2 फूट. 10 फुटांतून एवढं गेलं तरी चालायला पावणेतीन फूट राहतात. दोघांचा 5 फुटांचा पलंग असेल तर सव्वा फूटच उरतो. तेव्हा खुर्ची घडीची घ्यावी लागेल.

टेबल असं, जे मिटता येईल

सुताराकडून 18 मिलिमीटर प्लायवूडची फळी करून घेतली, 3 फूट लांब आणि 20 इंच खोल. भिंतीवर आधी एक लाकडी पट्टी ठोकली, फळी त्या पट्टीला बिजागऱ्यांनी जोडली, आणि खालून दोन घडीचे ब्रॅकेट लावले. फळीची उंची जमिनीपासून 29 इंच. ब्रॅकेट सोडले की फळी भिंतीला चिकटून खाली लोंबते. फळी, सामान आणि मजुरी मिळून अडीच हजारांच्या आत काम झालं.

दोन गोष्टी तपासून घ्या. जुन्या दगड-मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाहीत. ड्रिल करताना लाल-तांबडी माती भुसभुशीत गळायला लागली की हात थांबवा, कारण फळी लॅपटॉपसकट खाली येईल. दुसरं म्हणजे घरमालक. भाड्याच्या घरात भिंतीला भोकं चालत नसतील तर लोखंडी पायांचं घडीचं टेबल घ्या आणि रात्री ते कपाटामागे उभं सरकवा. रोज उचलायचं असल्याने ते जड नको. पाच-सात किलोंपेक्षा जास्त वजन असलं की आठवडाभरात ते उघडंच राहायला लागतं.

ज्यांना टेबल मिटवणं जमतच नाही, त्यांनी पलंगाच्या बाजूने छताला पडद्याची पट्टी लावून जाड पडदा ओढावा. आपल्याकडे त्याहून सोपी एक वस्तू आहे, ती म्हणजे मच्छरदाणी. रात्री सोडली की पलंग वेगळी खोली होतो, सकाळी गुंडाळली की संपलं. नियम एकच, मच्छरदाणीच्या आत लॅपटॉप आणि मोबाईल न्यायचा नाही. भिंतीपेक्षा हा नियम जास्त काम करतो, कारण जाळी उचलून आत शिरताना हातात काय आहे ते आपल्याला दिसतंच.

सकाळी उघडणं, रात्री मिटणं

सकाळी उठल्यावर पहिलं काम अंथरूण आवरणं. पलंग उभा करता येत नसेल तर निदान उशी आणि पांघरूण कपाटात ठेवून वर रंगीत चादर घाला, म्हणजे तो बैठकीसारखा दिसेल. पण त्यावर बसून काम नाही, आणि धुतलेल्या कपड्यांचा ढीगही नाही. ढीग पडला की रात्री साडेअकराला घड्या घालायची पाळी येते.

मग उजेड. सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ लावतो, आणि पावसाळ्यात नेमका तोच कमी पडतो. जुलैत बेळगावात दिवसेंदिवस ऊन दिसत नाही. घरातला ट्यूबलाइट आपल्याला लख्ख वाटतो, पण खोलीत साधारण 100 ते 300 लक्स उजेड असतो, आणि ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर हजारो लक्स. म्हणून छत्री घेऊन का होईना, अर्धा तास बाहेर फिरून या. टिळकवाडीची माणसं व्हॅक्सीन डेपोच्या मैदानात जातात. वडगावकरांनी शेताकडच्या रस्त्याने जावं. ऑफिसला जाणाऱ्याला हा उजेड वाटेतच मिळतो, घरून काम करणाऱ्याला तो जाऊन आणावा लागतो.

रात्रीचं मिटणं झोपण्याच्या दीड तास आधी, आणि त्याला दहा मिनिटं पुरतात. आधी कागदावर उद्याच्या कामांची यादी करा. ही यादी मी आधी किरकोळ समजत होतो. 2018 मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात 57 तरुणांवर प्रयोग झाला. झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी बारीक, तितकी झोप लवकर. डोक्यात घोळणारं काम कागदावर उतरलं की मन ते सोडून देतं. मग लॅपटॉप पूर्ण बंद करून पिशवीत, पिशवी कपाटात. एक्स्टेन्शन बोर्ड बंद. फळी खाली.

शेवटी दिवा. मावसभावाकडे टेबलावरचा पांढरा ट्यूबलाइट हाच खोलीतला एकमेव दिवा होता. आता फळी खाली पडली की तो ट्यूब बंद होतो आणि कपाटामागे, ओट्याच्या बाजूला असलेला छोटा पिवळा दिवा लागतो. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी नुसता उजेड मोजण्याचं काम करतात, आणि निळसर पांढऱ्या उजेडाला त्या सगळ्यात जास्त दाद देतात. त्यांच्या लेखी रात्रीचा पांढरा ट्यूब म्हणजे अजून दिवसच.

मोबाईल ओट्याजवळच्या प्लगला चार्जिंगला. गजरासाठी साधं घड्याळ आणा. ऑफिसचा तातडीचा फोन येऊ शकतो अशी नोकरी असेल तर रिंग मोठी ठेवा, पण फोन तिथंच राहू द्या. उठून चार पावलं चालावी लागतात, आणि त्यामुळेच "सहज बघू" म्हणून रात्री हात फोनकडे जात नाही.

झोप आलीच नाही तर: तिसरी जागा

बहुतेकांचं इथंच बिघडतं. अंदाजे वीस मिनिटं पडून झोप येत नसेल, किंवा मन चिडायला लागलं असेल, तर उठायचं. एका खोलीत उठून माणूस जातो कुठं? टेबलाशी. फळी वर, लॅपटॉप बाहेर, "एक मेल करतो". मग दीड वाजतो.

म्हणून आधीच तिसरी जागा ठरवून ठेवा, पलंगही नव्हे आणि टेबलही नव्हे. मावसभावाने ओट्याजवळ दारापाशी एक पाट ठेवलाय, भिंतीला टेकायला उशी आणि तो पिवळा दिवा. मध्ये ते लोखंडी कपाट उभं असल्याने दिव्याचा उजेड पलंगावर पडत नाही, म्हणून तिथं दुसरं कुणी झोपलेलं असलं तरी त्याची झोप मोडत नाही. तिथं बसून जुना दिवाळी अंक चाळायचा, लसूण सोलायचा, काहीही कंटाळवाणं करायचं. मोबाईल सोडून. डोळे जड झाले की परत पलंगावर. पुन्हा वीस मिनिटं झोप नाही तर पुन्हा पाट. पहिल्या आठवड्यात त्याला एका रात्री चारदा उठावं लागलं.

सकाळी उठायची वेळ मात्र काही झालं तरी तीच. मावसभावाने साडेसहा ठरवली, आणि झोपायची साडेअकरा. नऊऐवजी 7 तासच अंथरुणावर. पहिले आठ-दहा दिवस तो आधीपेक्षा जास्त थकलेला होता, आणि हे होणारच. त्या दिवसांत रात्री दुचाकीवर निपाणीपर्यंत जाऊन येणं वगैरे नको, डोळा लागायची भीती असते. फेफरं येणाऱ्यांनी किंवा बायपोलर आजार असणाऱ्यांनी झोपेचे तास असे कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. नुसती पलंगाची जागा बदलायला, टेबल मिटवायला कुणाचीच हरकत नाही.

नळाला पहाटे पाणी येतं त्या दिवशी काय? त्याने शेजाऱ्याशी ठरवून पाळी लावली. एक दिवस हा दोघांची भांडी भरतो, एक दिवस तो. ज्या दिवशी उठावं लागतं, त्या दिवशी भरून झालं की परत आडवं व्हायचं नाही, दिवस तिथूनच सुरू.

शेजारच्या यंत्रमागाचा आवाज लोकांना झोपमोड वाटतो. खरं तर एकसारखी धडधड माणूस काही दिवसांत ऐकेनासा होतो. माग अचानक थांबतो आणि परत सुरू होतो तेव्हा जाग येते. पंख्याचा सततचा आवाज त्या चढउतारावर पांघरूण घालतो.

रात्रीच्या मीटिंगचं काय

अमेरिकेच्या लोकांबरोबर काम करणाऱ्यांना झोपण्याच्या दीड तास आधी टेबल मिटव म्हणणं म्हणजे चेष्टाच. त्यांच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. अशांनी मीटिंगच्या आधी ट्यूब बंद करून टेबलावर पिवळा दिवा लावावा, स्क्रीनचा उजेड उतरवावा, आणि मीटिंग संपल्यावर फळी लगेच न पाडता आधी यादी करावी. शेवटचा शब्द कानात असेपर्यंत झोप येत नाही, म्हणून तासभर तरी मध्ये जाऊ द्या. तेवढा वेळ पाटावर काढा.

चहाचंही बघा. कॅफिनचा अर्धा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. मीटिंगमध्ये पेंगायला नको म्हणून नऊला घेतलेला कडक चहा रात्री दोनला अर्धा शिल्लक असतो. दुपारी तीननंतरचा चहा मावसभावाने बंद केला, आणि त्याच्या मते सगळ्यात अवघड गोष्ट तीच होती.

एक गोष्ट कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे येतात. म्हणजे साडेनऊची मीटिंग नोव्हेंबरपासून साडेदहाची होते. तेव्हा झोपायची आणि उठायची दोन्ही वेळा अर्धा-पाऊण तास पुढे सरकवा. नाहीतर फळी मिटवल्यावर लगेच पाठ टेकायची पाळी येते, आणि जुनं दुखणं परत उलटतं.

पूर्ण रात्रपाळी करणाऱ्यांना हे सगळं जसंच्या तसं लागू होत नाही. त्यांना खिडकीला काळा पडदा लागतो, आणि दिवसा शेजाऱ्यांनी हाक मारू नये म्हणून दाराला कडी.

पावसाळा आणि गादी

जमिनीवर अंथरूण घालून रोज वळकटी करणाऱ्यांना टेबल आणि पलंग वेगळे करणं सगळ्यात सोपं, पण जून ते सप्टेंबर इथली फरशी ओल धरते. कापसाची गादी फरशीवर रात्रभर राहिली आणि सकाळी तशीच गुंडाळली की आठ-पंधरा दिवसांत खालच्या बाजूला काळे ठिपके येतात, आणि उशीला कुबट वास. गुंडाळायच्या आधी तासभर ती उभी करून पंख्याखाली ठेवा. खाली प्लास्टिक घालू नका, ओल अडकते. त्यापेक्षा फरशीपासून तीन-चार इंच वर लाकडी पट्ट्यांची चौकट करून घ्या. काथ्याची गादी वळकटीत मोडते. घडीची हवी असेल तर तीन घड्यांची फोमची घ्या.

महिन्याने वही परत बघितली तेव्हा मावसभाऊ साडेअकरा ते साडेसहा अंथरुणावर होता आणि सहा तास झोपत होता. शंभरातले 86. झोपेचे तास वाढले नव्हते, पलंगावरचं जागरण गेलं होतं. तासांसाठी पुढे दर आठवड्याला पंधरा मिनिटं आधी झोपायचं ठरलं, आकडा 85 च्या खाली येत नाही तोवर. आता तो अकराला झोपतो. ऑगस्टमध्ये ताप आला होता तेव्हा दोन दिवस त्याने पलंगावर लॅपटॉप घेतला, आणि बरा झाल्यावर पाटावर पुन्हा तीन रात्री काढल्या. आता आजारी पडला की तो रजा टाकतो.